काउंटरवरचा कॅमेरा : वेळ, श्रेय आणि संमती

(दुकान-कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापड-दुकानांत काम करणाऱ्या आपल्या भगिनींच्या वाट्याला गेल्या काही वर्षांत एक नवे काम आले आहे. साडी उलगडून दाखवावी, गिऱ्हाइकाचा कल ओळखावा, पुन्हा घडी घालावी, ही कामे पूर्वीपासूनची. आता मोबाईलपुढे उभे राहून दुकानाच्या नावासाठी तीस-चाळीस सेकंदांची रील तयार करणे हेही त्यांत आले. नेमणुकीच्या पत्रात त्याचा उल्लेख बहुधा नसतो. मी या कामाला विरोध करायला उभा नाही. अनेकींना ते मनापासून आवडते, आणि पदराची पारख असलेली विक्रेती गिऱ्हाइकाला भाड्याने आणलेल्या नटीपेक्षा अधिक विश्वासाची वाटते. प्रश्न एवढाच आहे की, हे काम कोणत्या अटींवर व्हावे आणि त्या अटी कोणी ठरवाव्यात.

एक नमुना घेऊ. पैठणीच्या काउंटरवरील एक विक्रेती हातमागाची पैठणी कशी ओळखावी ते सांगते आहे. ती पदर उलटा करून दाखवते. हातमागावर नक्षीच्या कडेशी प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात गुंतवून मागे फिरवलेला असतो, म्हणून पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागे लोंबते किंवा कापलेले धागे सापडतात. हे ज्ञान तिने अनेक वर्षे साड्या हाताळून मिळवले आहे, आणि रीलमध्ये खरे मोल आहे ते याच ज्ञानाचे.

या चाळीस सेकंदांसाठी साडी निवडणे, उजेडाची जागा शोधणे, दोन-चारदा बोलणे आणि शेवटी घडी घालणे, असा पाऊण तास सहज जातो. आठवड्यातून दोनदा असे झाले तर महिन्याला सहा तासांहून अधिक वेळ होतो. तो गर्दीच्या वेळेतून गेला तर तिची गिऱ्हाइके दुसऱ्याकडे जातात आणि त्यांच्याबरोबर विक्रीवरचे तिचे कमिशनही जाते. दुकान बंद झाल्यावर गेला तर तो जादा काम ठरतो. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा ज्या दुकानांना लागू आहे, तेथे जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. म्हणून पहिली अट अशी की, चित्रीकरण कामाच्या वेळेत, दुपारच्या संथ तासांत व्हावे. हजेरीत त्याची नोंद व्हावी. आणि त्या वेळेचे कमिशन तिच्या मागील तीन महिन्यांच्या सरासरीने धरावे.

दुसरी अट सत्याची आहे. यंत्रमागाच्या साडीला हातमागाची म्हणायला तिला कोणी सांगू नये. चेहरा तिचा असतो आणि गिऱ्हाईक फसले तर जाब विचारायला तिच्याच काउंटरवर येते. दर, धाग्याचा प्रकार आणि सवलतीची मुदत खरेदी विभागाने लिहून द्यावी. बोलण्याची ढब मात्र तिची असावी. पाठ करून घेतलेली वाक्ये ऐकणाऱ्याला लगेच कळतात, त्यामुळे दुकानाचाही तोटाच होतो.

आता श्रेयाकडे येऊ. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. ‘उलट करार नसेल तर’ या शब्दांतच आपल्याला वाव आहे. रीलची मालकी दुकानाकडे राहिली तरी श्रेयाची अट लिहून घेता येते. पण येथे एक तिढा आहे. विक्रेतीचे पूर्ण नाव आणि दुकानाचा पत्ता एकत्र प्रसिद्ध झाला की, ती रोज कोठे आणि किती वाजेपर्यंत सापडेल हे अनोळखी माणसालाही कळते. यावर उपाय असा की, जाहीर श्रेय तिच्या पसंतीने द्यावे : फक्त पहिले नाव, टोपणनाव, किंवा काहीच नाही. दुकानात मात्र एक नोंदवही ठेवावी. तीत प्रत्येक रीलची तारीख, कल्पना कोणाची, मोबाईल कोणी धरला आणि पुढे कोण होते, हे पूर्ण नावांनिशी लिहावे. नोकरी सोडताना त्या नोंदीचा दाखला मिळावा. पुढच्या दुकानात काम मागताना तोच तिचा पुरावा होईल.

खासगीपणाच्या बाबतीत नियम थोडे आणि साधे असावेत. ट्रायल रूमच्या दिशेला मोबाईल वळवू नये. साडीच्या दुकानात चहूकडे आरसे असतात, म्हणून चित्रीकरणापूर्वी आरशात काय दिसते ते पाहावे. गिऱ्हाइकाचा चेहरा विचारल्याशिवाय येऊ नये आणि लहान मुले येऊच नयेत. बिलावरचा फोन नंबर, छातीवरच्या बिल्ल्यावरचे आडनाव आणि गल्ल्याची जागा चौकटीबाहेर राहावी. प्रसिद्ध करण्यापूर्वी दुसऱ्या एका कर्मचाऱ्याने रील आवाज बंद करून एकदा पाहावी. बोलण्याकडे लक्ष नसले की मागचे तपशील डोळ्यांत भरतात.

यापुढचा मुद्दा संमतीचा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्वक हवी, आणि ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. संमतीविषयीच्या तरतुदींना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. तोपर्यंत करारात ही तत्त्वे लिहून घेण्यास कोणाची हरकत नसावी. एक गोष्ट मात्र विशेष लक्षात ठेवावी. आपणच जाहीर केलेल्या आपल्या माहितीला या कायद्याचे संरक्षण नाही. म्हणून ‘तुझ्याच खात्यावरून टाक, आम्ही पुढे पाठवू’ असे व्यवस्थापकाने सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. शिवाय भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नोकरीचा संबंधही उघड करावा लागतो. वैयक्तिक खात्यावर ती जबाबदारी नाहक तिच्या अंगावर येते. रील दुकानाच्या खात्यावर असावी आणि तेथील प्रतिक्रियांवर दुकानाने लक्ष ठेवावे. अश्लील प्रतिक्रिया पुसून टाकणे हे तिचे काम नव्हे.

हे सारे अर्ध्या पानात मावते. त्या पानावर चार चौकोन हवेत : दुकानाचे खाते, पैसे देऊन केलेली जाहिरात, रस्त्यावरचा फलक, आणि छापील पत्रक. प्रत्येकापुढे वेगळी सही व्हावी. एका रीलला होकार दिला म्हणून तिचा चेहरा उद्या चौकातल्या फलकावर चढू नये. नकार देणारीची पाळी, काउंटर किंवा बढती बदलली जाणार नाही, असे वाक्य त्यात स्पष्ट असावे. नोकरी सुटल्यावर जाहिरात सात दिवसांत आणि खात्यावरची रील तीस दिवसांत काढावी, अशी मुदत मागावी.

याची एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. दुकान आपली रील काढू शकते; लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती कोणालाही परत आणता येत नाहीत. म्हणून संमतीचा खरा क्षण प्रसिद्धीच्या आधीचा असतो. तयार रील तिला दाखवावी, आणि तिने ‘चालेल’ म्हटल्यावरच, शक्यतो एक रात्र जाऊ देऊन, ती बाहेर पडावी.

दिवाळीच्या खरेदीत व्यवस्थापकाला कागद वाचायला सवड नसते आणि आपल्याला नकार द्यायला बळ नसते. ज्या दुकानांत आपले सभासद आहेत तेथे हे अर्धे पान श्रावणापूर्वीच मांडावे, आणि पहिली सही ज्या विक्रेतीचा चेहरा सर्वांत अधिक वापरला जातो तिला विचारून, तिच्या दुरुस्त्यांसह घ्यावी.