आठ की तीन?



चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगारांचा जादा कामाचा तक्ता फळ्यावर लागला. एका तरुणाने गर्दीतून, चार फुटांवरून, मोबाइलने त्याचा फोटो घेतला. दुसऱ्या दिवशी तक्ता काढला गेला. पुढे हिशेबाचा वाद निघाला, तेव्हा फोटोतल्या त्याच्या नावापुढे ३८ तास आहेत की ३३, हे कोणालाच सांगता येईना. दुप्पट दराचे पाच तास एका डागात अडकले.

हे का झाले, ते मोजून पाहू. फोटो म्हणजे चौकोनी ठिपक्यांची जाळी. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. नेहमीच्या १२ मेगापिक्सेल फोटोत लांबीकडून सुमारे ४,००० ठिपके असतात. मोबाइलचे मुख्य भिंग साधारणपणे अंतराच्या सव्वापटीहून थोडी जास्त लांबी टिपते. एका फुटावरून, म्हणजे ३० सेंटिमीटरवरून, सुमारे ४० सेंटिमीटर लांबी येते. म्हणजे एका मिलिमीटरला दहा ठिपके. तक्त्यावरचा बारीक आकडा दोन मिलिमीटर उंच; त्याच्या वाट्याला वीस आले. दोन फुटांवरून दहा. चार फुटांवरून पाच!

पाच का पुरत नाहीत? इंग्रजी आठाचा आकडा वरून खाली पाहा: रेघ, पोकळी, रेघ, पोकळी, रेघ. थर पाच आणि ठिपकेही पाच. प्रत्येक थर नेमका आपल्या ठिपक्यावर बसला तरच आकृती उमटेल, आणि तसे क्वचितच घडते. आठ आणि तीन यांतला फरक तर डावीकडच्या उघड्या फटीचा. ती जेमतेम एका ठिपक्याएवढी. हात किंचित हलला की फट बुजते. म्हणून आकडा ओळखायला दहा ठिपके हवेत आणि खात्रीने सांगायला वीस. आपल्या देवनागरीला वीसच धरा, कारण शिरोरेघेवरचा अनुस्वार आणि मात्रा यांनाही जागा लागते.

त्या तरुणाने फोटो व्हॉट्सअॅपवरून पाठवला होता. साध्या पाठवणीत तो आणखी लहान होतो. लांबी १,६०० ठिपक्यांच्या आसपास येते. पाचाचे उरले दोन! आम्ही त्याच्या मोबाइलमधला मूळ फोटो मागवला. पण तिथेही पाचच. दोन बोटांनी चित्र ताणले की ठिपके मोठे होतात, वाढत नाहीत. (आमच्या एका सहकाऱ्याने ते मोठ्या पडद्यावर लावून पाहिले. डाग तेवढा मोठा झाला.)

तेव्हा एका फुटावर जा. पण फार जवळ, चार बोटांवर, जाऊ नका. मुख्य भिंगाला तिथे स्पष्ट दिसत नाही आणि धूसर अक्षराला कितीही ठिपके दिले तरी ते धूसरच राहते. तक्ता मोठा असेल तर तुकड्यातुकड्यांनी फोटो घ्या, कडा एकमेकींवर येऊ द्या आणि कागदाशेजारी स्टीलची मोजपट्टी धरा. फळ्यासमोरून हलण्यापूर्वी फोटो मोठा करून एखादा आठ आणि एखादा तीन शोधा. ते निराळे दिसले नाहीत, तर तिथेच पुन्हा घ्या. आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.