बोटीत किती माणसं बसवायची?
(पाणीकाठच्या गावांच्या बैठकीतलं भाषण)



सरदार सरोवराचं पाणी अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात शिरलं आणि आपल्या पायवाटा बुडाल्या. आता रेशन, बाजार, दवाखाना, सगळं बोटीनं. आपल्या काठावर आलेल्या एका बोटीवर पाटी आहे, "४० माणसं". हा आकडा कोणत्या हिशेबानं आला ते कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही पोरांनी टेप घेऊन ती बोट मोजली. तो हिशेब आज सगळ्यांपुढे मांडतो.

पहिली गोष्ट. काठोकाठ भरलेल्या घमेल्यात रिकामं पातेलं तरंगत ठेवलं, तर थोडं पाणी बाहेर सांडतं. त्या सांडलेल्या पाण्याचं वजन पातेल्याच्या वजनाएवढंच भरतं. बोटीचंही तसंच. ती जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढंच तिचं आणि मालाचं मिळून वजन असतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तर आपल्याला माहीतच आहे.

आपल्या बोटीचा तळ सपाट आहे. तळाची लांबी ६ मीटर, रुंदी दीड मीटर. पुढचं तोंड वर उचललेलं आहे, ते आम्ही धरलं नाही, फक्त तळ मोजला. ६ गुणिले दीड म्हणजे ९ चौरस मीटर. असा तळ एक सेंटिमीटर खाली गेला की ९० लिटर पाणी बाजूला होतं. म्हणजे दर ९० किलोला बोट एक सेंटिमीटर बुडते. एवढा एक आकडा लक्षात ठेवा, बाकीचा हिशेब त्यातूनच निघतो.

बोटीची बाजू ६० सेंटिमीटर उंच आहे. इंजिन, डिझेल आणि चालवणारा भाऊ, एवढंच ठेवून आम्ही चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंत मोजलं. सरासरी ५२ भरले. म्हणजे ८ सेंटिमीटर बोट आधीच बुडालेली असते.

आता माणसं. गाठोड्यासकट एक माणूस ७० किलो धरू. ४० माणसं म्हणजे २८०० किलो, भागिले ९०, म्हणजे ३१ सेंटिमीटर. आधीचे ८ मिळवले की ३९. काठ पाण्याच्या वर राहतो फक्त २१ सेंटिमीटर, जेमतेम एक वीत. वारा सुटला की लाट आत येते.

पण खरा धोका बुडण्याच्या आधीच येतो, तो उलटण्याचा. एवढ्या जागेत, त्यातही इंजिन ठेवून, ४० माणसांना बसता येत नाही. ती उभी राहतात. उभ्या माणसाचं वजन वर जातं, आणि दीड मीटर रुंदीची बोट ते पेलत नाही. आम्ही २८ माणसांचा हिशेब केला. तळाशी बसली तर बोट स्थिर राहते. तीच सगळी उभी राहिली तर लाट नसतानाही बोट कलंडते. आणि बसलेल्यांपैकी १० जण एकदम एका बाजूला सरकले, तर त्या बाजूचा काठ वीतभर खाली जातो.

म्हणून आम्ही २० माणसं धरली, सगळी खाली बसलेली. २० माणसांचे १४०० किलो, म्हणजे साडेपंधरा सेंटिमीटर. आधीचे ८ धरून साडेतेवीस. काठ ३६ सेंटिमीटर वर राहतो. रेशनचे ५० किलोचे १० कट्टे घेतले तर ७ माणसं कमी करायची, म्हणजे १३ च बसवायची. कट्टे तळाशी, मधोमध ठेवायचे.

तळात साचलेलं पाणी कोणी मोजत नाही. पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर ते ४५० किलो होतं, म्हणजे सहा माणसांहून जास्त. शिवाय बोट कलली की ते सगळं खालच्या बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. सुटायच्या आधी डब्यानं पाणी उपसून टाका.

दर वेळी हिशेब कोण करणार? त्यासाठी बोटीच्या बाहेरून चारही कोपऱ्यांवर तळापासून २४ सेंटिमीटरवर लाल रंगाचा पट्टा मारू. पट्टा पाण्याखाली गेला की माणूस उतरवायचा, तो पाटील असो की साहेब. एकाच कोपऱ्यावरचा पट्टा बुडाला तर वजन एका बाजूला आहे असं समजा, माल सरकवा.

हे आकडे या एकाच बोटीचे आहेत. दुसऱ्या बोटीचा तळ आणि बाजू मोजून तिचा हिशेब वेगळा करावा लागेल. गोल किंवा निमुळत्या तळाच्या होडीला हा सरळ गुणाकार लावू नका, ती कमी ओझं पेलते.

ग्रामसभेच्या ठरावात आपण दोन गोष्टी लिहू. पाटीवर ४० ऐवजी २० लिहा. आणि बाजाराच्या दिवशी दुसरी फेरी द्या, कारण फेरी एकच असली तर मागे राहायला कोणी तयार होत नाही. सोबत हा हिशेब जोडू. तो चूक वाटला तर साहेबांनी टेप घेऊन काठावर यावं, आपल्यासमोर मोजावं.

जिंदाबाद!