रजेवर असताना संपर्क कधी साधावा?

रजेच्या सरकारी अर्जात रजेच्या काळातील पत्त्याचा रकाना असतो. माणूस कुठे सापडेल, एवढे त्यातून कळते. त्याला कशासाठी गाठावे, हे कळत नाही. ती माहिती सहकाऱ्यांना वेगळी लिहून द्यावी लागते.

वेतन देयके पाहणारा लेखा लिपिक आठ दिवस कोकणात गावी जाणार आहे, असे समजा. ‘गरज पडल्यास फोन करा’ एवढेच त्याने लिहिले, तर संकोची सहकारी खरी अडचणही दडपतो आणि दुसरा साध्या फायलीसाठी दिवसातून तीनदा फोन करतो. त्याऐवजी त्याने असे लिहावे: ‘गावात रेंज कमी आहे. संध्याकाळी सहा ते सात फोन लागेल. ईमेल पाहणार नाही. देयक कोषागारातून आक्षेपासह परत आले आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत असेल, तरच फोन करावा. बाकी कामे शेजारच्या टेबलावरील सहकारी पाहतील.’

तातडी ठरवायला दोन प्रश्न पुरतात. रजेवरचा माणूस परतेपर्यंत काम थांबले तर कोणाचे नुकसान होईल का? उत्तर फक्त याच माणसाकडे आहे का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असली, तरच फोन करावा. कपाटाची किल्ली कुठे आहे, हे विचारायला फोन आला, तर कामाचा ताबा नीट दिलेला नव्हता, असे समजावे. आग किंवा अपघात झाल्यास मात्र आधी अग्निशमन दलाला किंवा रुग्णवाहिकेलाच बोलवावे.