घोरणं आणि डोळे
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)

घोरण्याबद्दल डोळ्यांचा डॉक्टर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. म्हणून एक पेशंटच सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही.

वय ५४, वजन ११० किलो. तक्रार एवढीच, की रोज सकाळी उजवा डोळा लाल होतो आणि त्यातून चिकट तारा येतात. दोन वर्षं ॲलर्जीचे ड्रॉप्स घालून झाले होते. मी विचारलं, "कोणत्या कुशीवर झोपता?" "उजव्या." वरची पापणी अंगठ्याने जरा वर ओढली, तर ती रबरासारखी सहज उलटी झाली. एरवी पापणी उलटायला आम्हाला थोडी खटपट करावी लागते.

पापणीच्या आत एक टणक पट्टी असते. या आजारात तिच्यातले लवचीक तंतू कमी होतात आणि पापणी सैल पडते. रात्री ती उशीवर उलटते, आतली नाजूक बाजू अभ्र्यावर घासत राहते. याला 'फ्लॉपी आयलिड सिंड्रोम' म्हणतात. १९८१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं. अशी पापणी दिसली की आम्ही लगेच घोरण्याबद्दल विचारतो.

उत्तर काकूंनीच दिलं : "घोरतात तर खरंच, पण मधेच एकदम गप्प होतात. मग दचकून श्वास घेतात. मला तर त्या शांततेचीच भीती वाटते." हीच ती खूण, स्लीप ॲप्नियाची. घशाची वाट बंद होते, श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो. स्लीप स्टडीत त्यांचा श्वास तासाला ३८ वेळा अडकत होता. तीसच्या वर गेलं की आजार तीव्र धरतात.

आता काचबिंदू. ॲप्निया असलेल्यांमध्ये तो जास्त आढळतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे, सगळ्यांत नाही. रात्रभर प्राणवायू कमी-जास्त होत राहिल्याने डोळ्याच्या नसेला इजा होत असावी, असा एक तर्क आहे. गोम अशी, की डोळ्याचा दाब नॉर्मल असूनही हा काचबिंदू होऊ शकतो. यांचाही दाब १६ होता, म्हणजे अगदी ठीक. नुसता दाब बघून घरी पाठवलं असतं तर चुकलंच असतं. बाहुली मोठी करून नस पाहिली, फील्ड टेस्ट केली, तेव्हा उजव्या डोळ्याच्या नजरेत वरच्या बाजूला एक पट्टा गेलेला दिसला. त्यांना स्वतःला तो कधी जाणवलाच नव्हता. गेलेली नजर परत येत नाही; ड्रॉप्सनी दाब आणखी उतरवून पुढची टिकवायची.

पापणीसाठी रात्री मलम आणि डोळ्यावर शील्ड दिलं. झोपेसाठी सीपॅप मशीन सुरू झालं. मास्क सैल बसला की हवा डोळ्यात जाऊन डोळा कोरडा पडतो, तसं पहिल्या आठवड्यात झालंच. मास्क बदलून घेतला. मशीनने पापणीची चुरचुर कमी झाली. काचबिंदू त्याने थांबतो, असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून ड्रॉप्स चालूच आहेत आणि दर सहा महिन्यांनी फील्ड टेस्टही. पापणी फारच सैल राहिली तर ती आवळायचं छोटं ऑपरेशन करता येतं. यांना अजून गरज पडलेली नाही.

काकू आता रात्री नीट झोपतात. फक्त मशीनचा आवाज येतो म्हणतात.