कॉन्फरन्सचं आमंत्रण आणि व्हिसाचं उलटं वेळापत्रक

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शनिवार-रविवारी एखादा भाचा किंवा पुतणी जेवायला येते. इथे ब्रिटनमध्ये पीएचडी करणारी, भारतीय पासपोर्टवर आलेली. एक दिवस ती सांगते, "काका, माझा पेपर व्हिएन्नाला लागलाय!" आपल्या इथे वाढलेल्या, ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मुलांना अशा चार-सहा दिवसांसाठी युरोपात जायला व्हिसा लागत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, तिकीट काढायचं आणि निघायचं. तिला मात्र शेंगेन व्हिसा लागतो, आणि तिथे सगळा खेळ तारखांचा असतो. मी आयटी प्रकल्पांची वेळापत्रकं आखतो. तिथली एक सवय इथे कामाला येते: शेवटच्या तारखेपासून मागे मोजत यायचं.

एक खरं उदाहरण घेऊ. भूशास्त्र आणि हवामान या विषयांतली ईजीयू, म्हणजे युरोपियन जिओसायन्सेस युनियनची परिषद दरवर्षी व्हिएन्नात भरते. २०२५ साली ती २७ एप्रिल ते २ मे अशी होती. समजा, आपली भाची २६ एप्रिलला निघणार होती.

शेंगेनचा नियम असा, की अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. म्हणजे २६ ऑक्टोबर ते ११ एप्रिल. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण अधिक तपासणी हवी असेल तर ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून खरी शेवटची तारीख ११ एप्रिल धरू नका. २६ एप्रिलमधून ४५ दिवस वजा केले की १२ मार्च येतो, तीच आपली तारीख. शिवाय त्या वर्षी ईस्टर २० एप्रिलला होता. ईस्टरच्या सुट्टीत युरोपात जाणाऱ्यांचीही त्याच आठवड्यांत व्हिसा केंद्राकडे रांग लागते. अपॉइंटमेंट फेब्रुवारीतली मिळवलेली बरी.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. ईजीयूला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायची मुदत १५ जानेवारी होती. तो स्वीकारला गेला का आणि कोणत्या दिवशी बोलायचं, हे त्यानंतर काही आठवड्यांनी कळतं. म्हणजे हातात जेमतेम महिना-दीड महिना उरतो. त्यामुळे स्वीकृती आल्यावर कामाला लागणाऱ्या विद्यार्थ्याला उशीर झालेलाच असतो. अपॉइंटमेंट शोधणं, बँकेचे कागद काढणं, विद्यापीठाचं पत्र मागणं, हे स्वीकृतीची वाट न पाहता सुरू करता येतं.

ट्रॅव्हल ग्रँटची तारीख तर त्याहून आधीची असते. ईजीयूकडे तरुण संशोधकांसाठी प्रवास-साहाय्य आहे, पण ते हवं असेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट डिसेंबरच्या सुरुवातीलाच द्यावा लागतो. जानेवारीत पाठवणाऱ्याचा पेपर घेतला जाईल, पण त्या मदतीची संधी गेलेली असेल. अनेक परिषदांमध्ये अशा दोन वेगळ्या तारखा असतात आणि मुलं दुसरीच लक्षात ठेवतात.

ग्रँटबद्दल घरच्यांनी एक समजून घ्यावं. पैसे बहुतेक वेळा परत आल्यावर, पावत्या दिल्यावर मिळतात. तोपर्यंत विमान, हॉटेल, नोंदणी सगळं विद्यार्थ्याच्या खिशातून जातं, आणि व्हिसाचे ९० युरो व केंद्राचं शुल्क वेगळं. व्हिसा नाकारला गेला तर प्रवासच होत नाही आणि ग्रँटही सहसा हातची जाते. म्हणून रद्द करता येईल असंच हॉटेल घ्यावं. तिकिटासाठी आधी विद्यापीठाला विचारावं. बरीच विद्यापीठं स्वतःच्या एजंटकडूनच तिकीट काढायला सांगतात आणि बाहेरून काढलेल्याचे पैसे देत नाहीत.

आता आमंत्रणपत्राकडे वळू. नाव आमंत्रणाचं असलं, तरी आयोजक पाहुणचार करत नसतात. अमुक व्यक्ती अमुक तारखांना आमच्या परिषदेत येणार आहे, एवढंच ते सांगतात. ते पत्र बहुतेक ठिकाणी आपोआप येत नाही, नोंदणी करून वेगळं मागावं लागतं. स्वीकृती यायची असेल, तर "अ‍ॅबस्ट्रॅक्ट सादर केला आहे" एवढं तरी लिहून द्याल का, असं विचारावं. काही आयोजक देतात.

या पत्रात आपल्या मराठी नावांची एक अडचण हमखास येते. पासपोर्टवर बहुधा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, पुढे आडनाव असतं. पेपरवर मात्र मुलं वडिलांचं नाव गाळतात. लग्न झालेल्या मुलींचं पेपरवर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं आडनाव असू शकतं. पत्र मागताना नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर द्यावं. पेपरवर वेगळं असेल तर तेही पत्रात नमूद करायला सांगावं.

तारखाही जुळायला हव्यात. पत्रात २७ एप्रिल ते २ मे, विद्यापीठाच्या पत्रात एक आठवड्याची रजा, आणि हॉटेल मात्र बारा रात्रींचं, असं झालं की अधिकाऱ्याला प्रवासाचा हेतू पटत नाही. हेतू आणि मुक्कामाचं स्वरूप पटलं नाही, हे नकाराच्या छापील फॉर्मवरचं एक कारणच आहे. परिषदेनंतर चार दिवस पॅरिस पाहायचं असेल तर तसं सरळ लिहावं. अर्ज मुख्य ठिकाणाच्या देशाकडे करायचा असतो, मग विमान फ्रँकफर्टला का उतरेना. पण फिरणं परिषदेपेक्षा लांबलं, तर मुख्य देश कोणता हाच प्रश्न उभा राहतो.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यात व्हिएन्नापेक्षा मोठं काही जाऊ शकतं. शेंगेनहून परतल्यावर किमान तीन महिने ब्रिटनमधली परवानगी शिल्लक असावी, असं दूतावास पाहतात. ३ मेला परतायचं तर ती ३ ऑगस्टपर्यंत हवी. पीएचडीच्या शेवटच्या वर्षात नेमकी हीच मुदत संपत येते, म्हणून मुलं मुदतवाढीचा अर्ज करतात आणि तो प्रलंबित असताना परिषदेला निघतात. तसं अजिबात करू नये. निर्णय येण्याआधी ब्रिटन सोडून युरोपात गेलं, तर तो अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. मुदतवाढ आधी मिळवा, मग प्रवास करा. दोन्ही बसत नसेल, तर पेपर सहलेखकाने सादर करावा किंवा ऑनलाइन बोलता येतं का ते विचारावं.

आणि हेही ध्यानात असू द्या, की अर्ज केला की पासपोर्ट साधारणपणे निर्णय होईपर्यंत त्यांच्याकडे राहतो. त्या आठवड्यांत भारतात लग्न ठरलं असेल किंवा घरी कुणी आजारी असेल, तर अर्ज देण्यापूर्वीच याचा विचार व्हायला हवा.

तेव्हा पुढच्या वेळी भाची जेवायला येईल, तेव्हा तिला चार तारखा विचारा: ग्रँटची, प्रवासाच्या ४५ दिवस आधीची, अपॉइंटमेंटची, आणि तिचा इथला व्हिसा संपण्याची. चौथी तारीख जवळ आली असेल, तर बाकीच्या तिन्ही नंतर बघा.