कुलूपबंद भ्रमणध्वनी आणि त्याची किल्ली



आपल्या तालुक्यातील कितीतरी घरांतील मुले आज अमेरिकेत नोकरीसाठी आहेत. सुटीत येताना ती आईवडिलांसाठी मोबाईल संच आणतात. संच कोराकरकरीत असतो, पण येथील सिम कार्ड त्यात घातले की पडद्यावर `SIM network unlock PIN` अशी मागणी येते, किंवा `SIM Not Supported` असे उत्तर मिळते. संच बिघडला असे समजून तो दुकानात नेला जातो, आणि पुष्कळदा तेथे पैसे व संच दोन्ही गमवावे लागतात. वास्तविक त्यात बिघाड काहीच नसतो. विकणाऱ्या दूरध्वनी कंपनीने त्याला कुलूप घातलेले असते. त्या कुलपाविषयीच मी आज बोलणार आहे.

कंपनी आपल्याच गिऱ्हाइकाच्या वस्तूला कुलूप का घालते, याचे उत्तर हिशेबात आहे. २०११ साली अमेरिकेत आयफोन ४एस हा संच दोन प्रकारे मिळत असे. दूरध्वनी कंपनीशी दोन वर्षांचा करार केल्यास त्याची किंमत १९९ डॉलर होती, आणि करार नको असल्यास ६४९ डॉलर. मधले ४५० डॉलर कंपनी आपल्या पदरचे भरी, आणि चोवीस महिन्यांच्या बिलांतून ते वसूल करी. म्हणजे दरमहा सुमारे पावणेएकोणीस डॉलर हा संचाचाच हप्ता झाला, जरी बिलावर तो तसा लिहिलेला नसे. आता गिऱ्हाइकाने दुसऱ्या महिन्यात प्रतिस्पर्धी कंपनीचे सिम घातले, किंवा संच परदेशी नेऊन विकला, तर ही रक्कम बुडते. कुलूप हे त्या उधारीचे तारण होय. पुढे असे करार मागे पडले व उघड हप्त्यांची पद्धत आली, तरी तारण राहिलेच. एवढे मात्र खरे की, उधारी फिटल्यावरही कुलूप राहिले तर ते तारण न राहता गिऱ्हाइकाला घातलेले दावे ठरते, आणि कंपन्यांनी तसा उपयोग केलेला आहे.

आपल्याकडे संच एका दुकानात व सिम दुसऱ्या दुकानात घेण्याची रीत पडल्यामुळे हे कुलूप फारसे परिचयाचे नाही. अपवाद मात्र झाले. २०१७ साली पंधराशे रुपयांच्या परत मिळणाऱ्या ठेवीवर जिओफोन आला, तो त्या एकाच कंपनीच्या सिमवर चालणारा होता. कारण तेच, संच स्वस्त आणि वसुली सेवेतून.

आता कुलपाची रचना पाहू. प्रत्येक सिम कार्डात ग्राहकाचा एक ओळख क्रमांक असतो, आपण फिरवतो तो दूरध्वनी क्रमांक नव्हे. त्याचे पहिले तीन अंक देशाचे आणि पुढील दोन किंवा तीन अंक कंपनीचे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीच्या सिमचा क्रमांक ३१०४१० असा सुरू होतो. भारत संचार निगमच्या महाराष्ट्रातील सिमचा ४०४६६ असा. कुलूपबंद संचाच्या स्मृतीत मान्य आकड्यांची एक यादी असते. संच सुरू होताच तो सिमचे हे अंक वाचतो व यादीशी ताडून पाहतो. यादीत ३१०४१० आहे आणि सिम म्हणते ४०४६६. मेळ बसत नाही, म्हणून संच आपत्कालीन क्रमांकाखेरीज काही लावू देत नाही. रेडिओ, तारा, बॅटरी सारे ठीक असते. अडसर असतो तो केवळ या एका तपासणीचा.

ती तपासणी रद्द करण्याचे दोन मार्ग आहेत. पुष्कळ संचांत एक गुप्त सांकेतिक अंक द्यावा लागतो. संचाचा स्वतःचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो, तो `*#06#` ही कळ दाबली की पडद्यावर दिसतो. तो क्रमांक कंपनीला कळविला की कंपनी त्या एकाच संचाला लागू पडणारा अंक देते. नोकियाच्या जुन्या संचांत हा अंक आयएमईआयवरूनच ठराविक गणिताने काढीत. ते गणित फुटले आणि कोणीही संगणकावर अंक काढू लागला. नंतर असा उघड संबंध न ठेवता अंक कंपनीच्या दप्तरी ठेवण्याची पद्धत आली. म्हणून अंदाजाने अंक दाबीत बसू नये. ठराविक चुकांनंतर पुष्कळ संच गोठतात, आणि मग नुसता खरा अंक आणूनही ते सहसा उघडत नाहीत.

आयफोनमध्ये मात्र दाबण्याचा अंकच नाही. कुलपाची नोंद ॲपल कंपनीच्या संगणकात असते. दूरध्वनी कंपनीने ॲपलला कळविले की ती नोंद बदलते, आणि संचात नवे सिम घालून तो इंटरनेटला जोडताच त्याला नवी आज्ञा मिळते. कुलूप निघाले की नाही हे Settings, General, About या क्रमाने गेल्यास `Carrier Lock` या ओळीवर कळते. तेथे `No SIM restrictions` असे शब्द हवेत.

एक समजा म्हणून प्रसंग घेऊ. पुतण्याने हप्त्यावर घेतलेला आयफोन काकांना दिला. काकांनी येथे काहीही खटपट केली तरी उपयोग नाही, कारण खाते पुतण्याचे आहे. त्याने उरलेले हप्ते फेडावेत, कंपनीच्या संकेतस्थळावर आयएमईआय देऊन कुलूप काढण्याचा अर्ज करावा, आणि मंजुरी आल्यावर काकांनी येथील सिम घालावे. काकांनी घाईने बाजारात नेला तर दुकानदार बहुधा सिमखाली एक पातळ चकती बसवील. ती चकती संचाला खोटे अंक दाखवते, म्हणजे ४०४६६ च्या जागी ३१०४१०. काम होते, पण कुलूप तसेच राहते. पुढचे सॉफ्टवेअर आले की फोन पुन्हा बंद. सेकंडहँड संच घेताना सिमचा खण उघडून अशी चकती नाही ना, आणि `Carrier Lock` ची ओळ काय म्हणते, एवढे पाहावे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. अमेरिकेत २०१३ च्या जानेवारीपासून परवानगीवाचून कुलूप काढणे बेकायदा ठरले होते. लाखाहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या, आणि ऑगस्ट २०१४ मध्ये कायदा होऊन ती मुभा परत मिळाली. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद संचांची विक्रीच बंद केली.

कुलूप आणि काळी यादी यांत मात्र गल्लत होऊ देऊ नये. चोरीस गेलेल्या संचाचा आयएमईआय क्रमांक रोखला जातो, आणि तो कोणत्याही किल्लीने सुटत नाही. आयएमईआय बदलून देतो असे कोणी म्हटले तर तो २०२३ च्या दूरसंचार अधिनियमान्वये गुन्हा आहे. आपल्याकडे संच घेण्यापूर्वी KYM, जागा सोडून पंधरा अंकी आयएमईआय, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठविला की त्याची स्थिती कळते.

कुलूप निघूनही दोन अडचणी उरू शकतात. संचातील रेडिओ येथील लहरींना जुळला पाहिजे. आपल्याकडे चौथ्या पिढीची सेवा २३०० मेगाहर्ट्झवरही चालते, आणि अमेरिकन कंपन्यांसाठी बनविलेल्या स्वस्त संचांत ती लहर नसली की गावात खुणेच्या काड्या कमीच दिसतात. दुसरे असे की, २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा खणच नाही. तेथे कार्ड घालता येत नाही. आपल्या कंपनीकडून ई-सिम मागवून घ्यावे लागते, आणि तेही कुलूप आधी निघालेले असेल तरच बसते.