आठवड्याचे चार चौकोन

समूहाच्या पैशाची खतावणी कशी मांडायची ते आपल्याला ठाऊक आहे. आज आपल्या आठवड्याची खतावणी कशी मांडायची, त्याबद्दल बोलू. हातातलं काम चालू ठेवा, फक्त एखादा पाठकोरा कागद जवळ असेल तर घ्या.

आम्ही तिघी आमच्या भागातल्या बचत गटांच्या समन्वयाचं काम करतो. दर रविवारी रात्री जेवणं आटोपली की कोणाच्या तरी ओट्यावर बसून पुढच्या आठवड्याचा कागद करतो. कागदावर एक उभी रेघ आणि एक आडवी रेघ मारली की चार चौकोन होतात. पहिल्यात तातडीचं आणि महत्त्वाचंही असलेलं काम लिहायचं. दुसऱ्यात महत्त्वाचं पण तातडीचं नसलेलं, तिसऱ्यात तातडीचं पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं नसलेलं, आणि चौथ्यात दोन्ही नसलेलं. आमच्या बोलण्यात पहिला चौकोन म्हणजे उतू जाणारं दूध, दुसरा म्हणजे पेरणी, तिसरा म्हणजे दाराची कडी वाजवणारा माणूस. चौथ्याला आम्ही नाव ठेवलेलं नाही.

हे डोकं आमचं नव्हे. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १९५४ मधल्या एका भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं यातला फरक सांगितला होता. पुढे स्टीफन कव्ही यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात त्याचे चार चौकोन मांडले आणि ते जगभर गेले. आयझेनहॉवरांच्या घरी सकाळचं पाणी कोण भरत होतं, ते मात्र कोणी लिहिलेलं नाही. म्हणून आम्हाला त्यात थोडा बदल करावा लागला.

तो बदल असा. पाणी, स्वयंपाक, धुणं, जनावरांचं शेण-चारा ही कामं चौकोनात लिहायचीच नाहीत. आम्ही पहिल्यांदा लिहिली, तर पहिला चौकोन त्यांनीच भरला आणि बाकीच्यांना जागाच उरली नाही. ती कामं रोज ठरलेल्या वेळी होतातच. त्यांचा वेळ आधी वजा करायचा आणि उरलेल्या तासांचा कागद करायचा. आमच्या एका मैत्रिणीने असा हिशोब केला. घरचं उरकून ती अकराला बाहेर पडते आणि चारला परतते. सोमवार ते शनिवार मिळून ३० तास झाले. त्यात समूहांच्या चार बैठका, जाऊन-येऊन दोन-दोन तासांच्या, म्हणजे ८ तास गेले. उरले २२. तिला वाटत होतं की आपल्याकडे अख्खा आठवडा आहे.

तिचाच गेल्या जूनमधला कागद आज तुम्हाला वाचून दाखवतो. तिला विचारूनच दाखवतो आहोत.

त्या आठवड्यात तिची तेरा कामं होती आणि त्यातली नऊ तिने पहिल्या चौकोनात लिहिली होती. असं झालं की समजायचं, कुठेतरी चुकलंय. आपण काम बघून लिहिलेलं नसतं, कोण किती ओरडतंय ते बघून लिहिलेलं असतं. मग आम्ही एकेका कामाला विचारत गेलो, नेमकं कधीपर्यंत हवंय, आणि नाही झालं तर कोणाचं काय बिघडेल?

तालुक्याहून फोन होता, महिलांची यादी आणि फोटो आज संध्याकाळपर्यंत पाठवा. तिने तिथेच फोन लावून विचारलं, ‘‘सर, उद्या दुपारी बैठकीला जातेच आहे, तेव्हा काढून पाठवले तर चालतील का?’’ ते म्हणाले, ‘‘चालतील की.’’ फोटोसाठी वाकडी वाट करून जायची एक चक्कर वाचली. महिन्याचा अहवाल मात्र गुरुवारीच हवा होता, तो राहिला पहिल्या चौकोनात.

समूहाचा बँकेचा हप्ता १२ तारखेला होता. हप्ता चुकला तर व्याजाची सवलत जाते, पुढच्या कर्जाला अडचण येते, म्हणून तिने तो पहिल्यात घातला होता. आम्ही म्हटलं, महत्त्वाचा आहे हे खरं, पण तो भरायचा कोणी? समूहाची रोकड समन्वयिकेने घेऊन जायचीच नसते. ते काम अध्यक्ष आणि सचिव यांचं. तिला कौतुक वाटायचं की बायका आपल्यावर विश्वास टाकतात. त्या विश्वासापायी महिन्याला दोन दिवस बँकेच्या रांगेत जात होते, आणि सचिवबाईंना भरणा-पावती भरता येत नव्हती ती नव्हतीच. हप्ता तिसऱ्या चौकोनात गेला. एकदा सोबत जाऊन पावती भरायला शिकवायचं ठरलं, त्यानंतर त्यांच्या त्या.

आता जरा गंमत पाहा. दोन कामं तिने आपणहून दुसऱ्या चौकोनात, म्हणजे सावकाश करायची म्हणून लिहिली होती. ती आम्ही उचलून पहिल्यात घातली. एक होतं घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासणं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि साधारण आठवड्याने किती उगवले ते मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर ठीक, कमी उगवले तर बियाणं वाढवावं लागतं. ती म्हणाली, ‘‘पेरणीला अजून आठ-दहा दिवस आहेत.’’ पण दाण्यांनाच आठवडा लागतो. म्हणजे सुरुवात आजच करायला हवी. दुसरं काम लेकीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाच्या दाखल्याचं. कागद द्यायची शेवटची तारीख महिनाअखेरची होती, पण अर्ज केल्यावर दाखला हातात यायला पंधरा दिवस धरावे लागतात. तेव्हापासून आम्ही कागदावर कामाची शेवटची तारीख लिहित नाही. सुरुवात करायची तारीख लिहितो. काम तातडीचं आहे का, ते त्याच तारखेवरून कळतं.

दाखल्याचं काम तिने घरच्यांवर सोपवलं. मंगळवारी भाऊजी सेतू केंद्रात गेले आणि दुपारी हात हलवत परत आले, कारण रेशनकार्डाची प्रत घरीच राहिली होती. ‘‘तूच जात जा, मला जमत नाही,’’ असं म्हणून मोकळे झाले. चूक त्यांची एकट्याची नव्हती. काम दिलं होतं, पण पिशवी दिली नव्हती. बुधवारी तिने आधार, रेशनकार्ड, तलाठ्याचा दाखला आणि फोटो एका पिशवीत घालून वर चिठ्ठी लावून दिली, आणि अर्ज भरला गेला. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या गुरुवारी संपणार होत्या, त्यासाठी मुलाला गोळ्यांची रिकामी पट्टी हातात देऊन पाठवलं. तोंडी नाव सांगितलं असतं तर काय आणलं असतं कोणास ठाऊक.

नणंदेकडच्या बारशावरून मात्र आमच्यात बरंच बोलणं झालं. पुस्तकाप्रमाणे ते तिसऱ्या नाहीतर चौथ्या चौकोनातलं. पण न गेल्याचे टोमणे पुस्तक ऐकणार नाही, ते हिलाच ऐकावे लागणार. शिवाय अडीनडीला हीच नणंद धावून येते. शेवटी दोन तास जाऊन पाळण्याला हात लावून यायचं ठरलं, आदल्या दिवशी पुरणाला जायचं नाही. आमच्यातल्या एकीला अजूनही वाटतं की तेही जास्तच झालं. माळा आवरणं आणि नीट असलेली वही पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवणं ही दोन कामं चौथ्या चौकोनात गेली. माळा अजून तसाच आहे.

आता त्या कागदावरची एक ओळ सांगायची राहिली. दुसऱ्या चौकोनात अगदी खाली, बारीक अक्षरात तिने लिहिलं होतं, ‘दवाखाना’. फेब्रुवारीपासून तिची पाळी दहा-दहा दिवस चालत होती, गाठी जात होत्या. आम्ही तो शब्द वाचला. महत्त्वाचं आहे ना? आहे. उद्या काही बिघडेल का? नाही. मग बरोबर आहे, दुसराच चौकोन, असं म्हणून आम्ही पुढे गेलो. त्या आठवड्यात अहवाल गेला, बियाणं तपासून झालं, दाखल्याचा अर्ज लागला. आम्ही खुशीत होतो. पुढच्या रविवारी तिने तो शब्द नव्या कागदावर उतरवला, आणि त्याच्या पुढच्याही. जुने कागद आमच्याकडे आहेत. पाच कागदांवर एकाच जागी तो शब्द आहे.

पाचव्या आठवड्यात ती एसटीच्या थांब्यावर चक्कर येऊन पडली. निरोगी बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं, तिचं ६ वर आलं होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. सोनोग्राफीत गर्भाशयाला गाठ निघाली, साधीच, कर्करोगाची नव्हे. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. त्या नऊ दिवसांत तिच्या कागदावरची सगळी कामं कोणी ना कोणी केली. सासूबाईंनी भाकरी टाकल्या, भाऊजींनी डबा आणला, सचिवबाईंनी एकटीने हप्ता भरला.

आमचा प्रश्नच तिथे चुकला होता. ‘उद्या काय बिघडेल’ हे बियाण्याला आणि दाखल्याला विचारता येतं. अंगावरून रोज थोडं थोडं रक्त जातं, त्याला कुठलीच तारीख नसते, म्हणून ते कधीच तातडीचं दिसत नाही. पाळी सात दिवसांच्या पुढे जाते, तासा-दोन तासांनी कपडा किंवा पॅड बदलावा लागतो, मोठ्या गाठी पडतात, चढ चढताना धाप लागते, यातलं काही असेल तर ते पहिल्याच चौकोनातलं आहे. हे आम्हाला दवाखान्यातल्या नर्सताईंनी सांगितलं, तेव्हा आम्ही तिघीही खाली मान घालून ऐकत होतो.

आता आम्ही दुसऱ्या चौकोनात नुसता शब्द लिहू देत नाही. पुढे वार, वेळ, कुठली गाडी आणि सोबत कोण, एवढं लिहावं लागतं. दोन कागदांवर आलेलं काम तिसऱ्या कागदावर उतरवायची वेळ आली तर ते जिचं आहे तिने ठरवायचं नाही, बाकीच्या दोघी वार ठरवतात. यावरून आमची भांडणंही झाली आहेत. एकीच्या दातांचं काम आम्ही बळेच शुक्रवारी लावलं आणि नेमका त्याच दिवशी तिच्या शेतात फवारणीचा माणूस आला.

या आठवड्याचा कागद रविवारी रात्री झाला. तिचं हिमोग्लोबिन ११ पर्यंत आलं आहे आणि गाठीसाठी दर तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलं आहे. दुसऱ्या चौकोनात पहिलीच ओळ आहे, मंगळवार, सकाळी साडेनऊची एसटी, सोबत सासूबाई. मंगळवारची बैठक आम्ही दोघी घेणार आहोत.